तडे गेलेला विटांचा घुमट: सोप्या मॉडेलला काय विचारावं, काय विचारू नये

प्रश्न: जुन्या चुन्यातल्या वीटकामाचा अर्धगोल घुमट तपासतोय. आतली त्रिज्या 5 मीटर, जाडी 50 सेंमी, खाली 3 मीटर उंच आणि 1 मीटर जाड गोल भिंत. बुडापासून वर चढणारे आठ उभे तडे आहेत, बुडाशी 8 ते 14 मिमी रुंद. सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं तर खालचा सगळा पट्टा लाल दिसतो, ताण साधारण 0.1 न्यूटन प्रति चौ. मिमी. घुमट पडायच्या बेतात आहे का? आणि असं साधं मॉडेल कितपत विश्वासाचं?

उत्तर:

तुमचं सॉफ्टवेअर चुकलेलं नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने बरोबर दिलं आहे. पण तो प्रश्न अखंड, कुठेही न तडकणाऱ्या घुमटाचा होता आणि तुमचा घुमट तसा राहिलेला नाही. तो लाल पट्टा खरं तर कागदावरही काढता येतो. पातळ अर्धगोलात स्वतःच्या वजनामुळे माथ्यापासून 51.8 अंशांपर्यंत आडव्या कड्यांमध्ये दाब असतो आणि त्याखाली ताण. अगदी बुडाशी हा ताण म्हणजे एकक घनफळाचं वजन गुणिले त्रिज्या. वीटकामाचं वजन 18 किलोन्यूटन प्रति घनमीटर आणि मध्यरेषेची त्रिज्या 5.25 मीटर धरली तर उत्तर 94.5 किलोन्यूटन प्रति चौ. मीटर, म्हणजे तुमचेच 0.1. जाडी या सूत्रात येतच नाही. जुनं चुन्याचं वीटकाम एवढासुद्धा ताण वर्षानुवर्षं खात्रीने धरून ठेवत नाही, म्हणून ते तडकलं. अशा बहुतेक घुमटांचं हेच होतं. लाल पट्टा इतकंच सांगतो की तडे इथे जाणार होते, आणि ते गेलेले तुम्हाला दिसतच आहेत.

तडे गेल्यावर घुमटाची काम करण्याची पद्धत बदलते आणि खरी तपासणी इथून सुरू होते. अखंड अर्धगोल आपल्या आधाराला बाहेर ढकलत नाही. बाहेर जाण्याची ओढ त्याची स्वतःची कडी सांभाळतात आणि भिंतीवर फक्त उभं वजन येतं. कडी तुटली की घुमट संत्र्याच्या फोडींसारखा वेगळा होतो. समोरासमोरच्या दोन फोडी माथ्याशी एकमेकींवर रेलतात आणि एक कमान तयार होते. कमान आली की रेटा आला. म्हणजे काल जी भिंत नुसतं वजन पेलत होती, तिला आज बाहेरचा धक्काही सोसावा लागतो. म्हणून तडकलेल्या घुमटाविषयी दोन गोष्टी विचारायच्या: फोडींच्या जाडीच्या आत बसणारी एखादी दाबरेषा आहे का, आणि त्या रेषेचा रेटा खालची भिंत घेऊ शकते का. या दोन्हींसाठी वीस ओळींचा प्रोग्रॅम पुरतो.

ही पद्धत जुनी आहे. रोममधल्या सेंट पीटर्सच्या सुमारे 42 मीटर व्यासाच्या घुमटात तडे वाढले तेव्हा पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी 1742 मध्ये बोस्कोविच, ल स्यूर आणि जाकिए या तीन गणितज्ञांना बोलावलं. त्यांनी तडे पाहून घुमट आणि खालची भिंत नेमकी कशी सरकते आहे याचं चित्र मांडलं, जुन्या लोखंडी कड्यांची ताकद त्यात धरली आणि तोल तीस लाखांहून अधिक रोमन पौंडांनी कमी पडतो असा निष्कर्ष काढला. पुढच्या वर्षी पादुआच्या जोव्हानी पोलेनी यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी घुमटाच्या 50 फोडी कल्पिल्या, एका फोडीचे 32 भाग करून प्रत्येकाच्या वजनाच्या प्रमाणात लहानमोठी वजनं एका साखळीत ओवली आणि साखळी टांगून ठेवली. लोंबणाऱ्या साखळीत फक्त ताण असतो. तिचा आकार उलटा केला की तीच फक्त दाबाची रेषा होते. ती रेषा घुमटाच्या जाडीत बसली, आणि पोलेनींनी सांगितलं की या तड्यांसकट घुमट उभा राहू शकतो. तरीही नवी लोखंडी कडी बसवावीत या मताशी ते सहमत झाले. वानव्हितेल्ली यांच्या देखरेखीखाली 1743-44 मध्ये पाच कडी बसली. नंतर जुन्या कड्यांपैकी एक तुटलेलं सापडलं आणि 1748 मध्ये सहावं बसवण्यात आलं. मला या कामातला सर्वात मोलाचा भाग हाच वाटतो. दाबरेषा सापडल्यावरही पोलेनींनी रेटा कोण घेतो हा प्रश्न सोडला नाही.

आता तुमचा घुमट. खालचा प्रोग्रॅम पोलेनींची साखळीच आहे, फक्त टांगण्याऐवजी मोजलेली. एक रेडियन रुंदीची फोड घ्यायची, कड्यांमधला ताण आणि दाब दोन्ही शून्य मानायचे. माथ्याशी H इतका आडवा रेटा z उंचीवर लावायचा आणि माथ्यापासून बुडापर्यंत दर अर्ध्या अंशावर पाहायचं, की रेषा आतल्या पृष्ठाच्या बाहेर आणि बाहेरच्या पृष्ठाच्या आत राहते का. पहिली अट H किमान किती हवा ते सांगते, दुसरी कमाल किती चालेल ते.

```python
import numpy as np
Ri, Re, g = 5.0, 5.5, 18.0
f = np.radians(np.arange(0.5, 90.1, 0.5))
W = g*(Re**3 - Ri**3)/3*(1 - np.cos(f))
S = g*(Re**4 - Ri**4)/4*(f/2 - np.sin(2*f)/4)
good = []
for z in np.linspace(Ri, Re, 201):
    a, b = z - Ri*np.cos(f), z - Re*np.cos(f)
    lo = ((W*Ri*np.sin(f) - S)/a).max()
    k = b > 1e-9
    hi = ((W*Re*np.sin(f) - S)[k]/b[k]).min()
    if lo <= hi:
        good += [lo, hi]
print(min(good), max(good))
```

`W` म्हणजे त्या कोनापर्यंतचं वजन आणि `S` म्हणजे त्या वजनाचा अक्षाभोवतीचा आघूर्ण. तुमच्या मापांना उत्तर येतं सुमारे 49 आणि 68 किलोन्यूटन प्रति रेडियन. बुडाशी एक रेडियन म्हणजे 5.25 मीटर कंस. तेव्हा दर मीटरला 47 किलोन्यूटन उभं वजन आणि 9.4 ते 13 किलोन्यूटन आडवा रेटा. एकही रेषा बसली नाही तर यादी रिकामी राहते आणि प्रोग्रॅम `ValueError` देऊन थांबतो. जाडी कमी करत गेलात तर तो साधारण 22 सेंमीजवळ थांबेल. जाडी त्रिज्येच्या साधारण 4.2 टक्के ही पूर्ण तडकलेल्या अर्धगोलाची माहीत असलेली मर्यादा आहे, तिच्याशी हे जुळतं. तुमची जाडी तिच्या सव्वादोनपट आहे.

इथे वीटकामाच्या ताकदीचा उल्लेख अजून आलेला नाही, कारण अशा घुमटात दाब फार कमी असतो आणि निकाल भूमितीवर लागतो. तरी एकदा पाहून घ्या. किमान रेट्याच्या अवस्थेत रेषा माथ्यापासून सुमारे 70 अंशांवर आतल्या कडेला टेकते. तिथे दर मीटरला साधारण 36 किलोन्यूटन दाब आहे. तो सगळा कडेच्या 5 सेंमी पट्ट्यातून जातो असं धरलं तर 0.7 न्यूटन प्रति चौ. मिमी. चांगल्या वीटकामाला हे जड नाही, पण चुना भुसभुशीत झाला असेल आणि विटा खारावून पापुद्रे सुटत असतील तर विचार करायला लागेल. मी अशा वेळी प्रोग्रॅममध्ये वजन पूर्ण जाडीचंच ठेवतो आणि रेषेला फिरायला दोन्ही बाजूंनी 5 सेंमी कमी जागा देतो. तुमचा घुमट या कसोटीवरही टिकतो, फक्त किमान आणि कमाल रेट्यामधलं अंतर कमी होतं.

49 आणि 68 यांच्या मधला खरा रेटा कोणता? हे मॉडेल ते सांगू शकत नाही. पण तडे काही सांगतात. आधार बाहेर सरकला की कमान शक्य तितकी सैल होते आणि रेटा किमानाकडे जातो. बुडाशी रुंद आणि वर मिटत जाणारे उभे तडे याच हालचालीची खूण आहेत, म्हणून माझा कल 49 कडे आहे. हालचाल किती झाली तेही मोजता येतं. एकाच पातळीवरच्या सर्व तड्यांच्या रुंदींची बेरीज करून 2π ने भागा. आठ तड्यांची बेरीज समजा 88 मिमी आली, तर बूड चहूबाजूंनी 14 मिमी बाहेर गेलं आहे. तेवढ्याने माथा साधारण 11 मिमी खचतो. बांधतानाचीच ओबडधोबड त्याहून जास्त असते, त्यामुळे आज लेव्हल लावून हा खच सापडणार नाही. पुढे तो वाढतो का एवढंच लेव्हल सांगेल. 5 मीटरच्या त्रिज्येत 14 मिमीने दाबरेषेचा हिशोब हलत नाही. तडा दिसायला भयंकर असतो, पण त्याची रुंदी झालेली हालचाल सांगते, उरलेली सुरक्षितता सांगत नाही.

मॉडेल पटतं का हे पाहण्याची एक चांगली जागा घुमटावरच आहे. किमान रेट्याची रेषा माथ्याजवळ सुमारे 22 अंशांवर बाहेरच्या कडेला टेकते, म्हणजे तिथे आतल्या बाजूने आडवी केसासारखी चीर उघडायला हवी, अक्षापासून साधारण 1.9 मीटरवर. तशीच दुसरी चीर 70 अंशांजवळ बाहेरच्या बाजूने, बुडापासून दीडदोन मीटर वर. बाहेरून जाड गिलावा असेल तर ती दिसणार नाही, पण आतली शोधा. ती मिळाली आणि उभे तडे तिच्या आसपास संपत असतील, तर तुमचा घुमट आणि मॉडेल एकाच पद्धतीने वागताहेत असं म्हणायला आधार आहे. याउलट तडे माथ्याशी रुंद असतील, तिरके जात असतील, किंवा तड्याच्या एका बाजूचं पृष्ठ दुसऱ्यापेक्षा पुढे आलेलं असेल, तर फोडींचं हे चित्र तुमच्या घुमटाचं नाही. मग वरचे आकडे कितीही सुबक दिसले तरी बाजूला ठेवा.

आता भिंत. माझ्या मते तुमचा निम्म्याहून अधिक वेळ इथे जायला हवा, आणि बहुतेक अहवाल इथेच तोकडे पडतात. घुमटाच्या बुडाशी रेषा अक्षापासून सुमारे 5.19 मीटरवर येते. 3 मीटर भिंतीचं एक रेडियनचं वजन 297 किलोन्यूटन, गुरुत्वमध्य 5.515 मीटरवर. भिंतीच्या पायथ्याशी आघूर्णांचा हिशोब असा:

(248 × 5.19 + 297 × 5.515 + 49 × 3) ÷ (248 + 297) = 5.64 मीटर

बाहेरची कड 6 मीटरवर आहे. म्हणजे रेषा कडेच्या 36 सेंमी आत, मधल्या तिसऱ्या भागात जेमतेम. भिंतसुद्धा फोडींमध्ये चिरली आहे असं धरून हे उत्तर आहे, म्हणून ते समाधानकारक आहे. पण हीच भिंत 6 मीटर उंच असती तर रेषा कडेच्या 23 सेंमीवर गेली असती. भिंत उंच झाली की वजन वाढतं तसा रेट्याचा हातही लांबतो. उंच आणि बारीक भिंतीवरचे घुमट त्रास देतात ते यामुळे. विजापूरचा गोल घुमट आठवा. आतला व्यास सुमारे 38 मीटर, घुमटाची जाडी सुमारे 3 मीटर, म्हणजे जाडी-त्रिज्येचं प्रमाण 14 टक्क्यांच्या आसपास. शिवाय एकमेकींना छेदणाऱ्या कमानींमधून आत झुकलेलं प्रचंड बांधकाम बुडाशी आहे, ज्याचं वजन आतल्या बाजूला ओढतं आणि रेट्याच्या उलट काम करतं. तुमच्या घुमटाला असं काही नाही, त्याला फक्त भिंत आहे.

इथून मॉडेलच्या मर्यादा सुरू होतात, आणि त्यांत पहिली खिडक्यांची. वरचा हिशोब सगळ्या फोडी सारख्या मानतो. भिंतीत चार खिडक्या असतील तर खिडकीवर येणाऱ्या फोडीला सरळ खाली वाट नाही. तिचं वजन आणि रेटा दोन्ही कडेच्या भागांकडे वळतात, तिथे भिंतीवर जास्त भार येतो आणि खिडकीच्या कमानीचा स्वतःचा रेटाही त्यात मिळतो. सरासरी वजन एक तृतीयांशाने कमी करून पाहता येतं. तुमच्या बाबतीत रेषा 5.66 मीटरवर जाते, म्हणजे मधल्या तिसऱ्या भागाच्या अगदी काठावर. पण ही सरासरी आहे आणि भिंत सरासरीत पडत नाही. इथे फोडीचं मॉडेल थांबवून खिडकीभोवतीचा तुकडा वेगळा काढायला हवा.

दुसरी मर्यादा पायाची. मॉडेलमध्ये जमीन हलत नाही. एका बाजूचा पाया खचला तर घुमट एका व्यासावर उघडतो, तडे त्या बाजूला गोळा होतात आणि समोरची बाजू जवळजवळ कोरी राहते. त्या घुमटाला चहूबाजूंनी सारखा मानण्याला अर्थ नाही. तुमच्या आठ तड्यांच्या रुंदी 8 ते 14 मिमी आहेत. त्या कोणत्या दिशेला मोठ्या आहेत हे आराखड्यावर मांडा. सगळे 14 मिमीवाले एकाच बाजूला असतील तर घुमट सोडून आधी त्या बाजूचं पाणी, गटार आणि पाया पाहा.

तिसरी, आणि मला सर्वात जास्त अस्वस्थ करणारी, ही की मॉडेल तुम्ही दिलेली जाडी खरी मानतं. 50 सेंमी हा आकडा आला कुठून? बहुतेक वेळा तो एखाद्या झरोक्याच्या कडेला मोजलेला असतो. जुन्या घुमटाची जाडी माथ्याकडे कमी होत गेलेली असू शकते, दोन कवचं असू शकतात आणि त्यांच्यामध्ये राडारोडा असू शकतो. बाहेरचा थर चुन्याच्या काँक्रीटचा असून आतल्या विटांपासून सुटलेलाही असतो. 50 सेंमीतले 25 सेंमी सुटलेले असतील तर वजन 50 चं आणि काम करणारी जाडी 25 ची, म्हणजे मर्यादेच्या अगदी शेजारी. लाकडी हातोडीने ठोकून पोकळ आवाजाच्या जागा खुणावा. मग निदान तीन-चार उंचींवर दरजांमधून बारीक भोक पाडून एंडोस्कोपने आत पाहा. या एका कामाने हिशोबात जितका फरक पडतो तितका कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरने पडत नाही.

चौथी गोष्ट घसरण्याची. दाबरेषेचं गणित मानतं की विटा एकमेकींवरून घसरत नाहीत. थर केंद्राकडे झुकलेले असतील तर हे सहसा खरं असतं. पण काही घुमटांत खालचे थर आडवे ठेवून एकेक पुढे काढत रचलेले असतात. तिथे रेषेचा कल आणि थराचा कल यांतला कोन पाहा. रेषा थराला लंब दिशेपासून 30 अंशांहून जास्त ढळली तर घर्षणावर विसंबू नका.

आता मोठ्या मॉडेलबद्दल. ताण न घेणाऱ्या पदार्थाचं फायनाइट एलिमेंट मॉडेल करता येतं, तडे उघडतानाही दाखवता येतात. खिडक्या, एका बाजूचा खच, माथ्यावरचा जड कळस यांसाठी मीही ते करतो. पण त्याचं उत्तर तुम्ही भार कोणत्या क्रमाने लावले, आधार किती सरकवले आणि ताणाची ताकद किती धरली यावर बदलतं, आणि घुमटाने खरोखर कोणता क्रम भोगला ते कोणालाच माहीत नसतं. बांधकाम, दुरुस्त्या, भूकंप, पावसाळे हे सगळं त्यात आहे. त्या मॉडेलमधून आलेला ताणाचा रंगीत नकाशा म्हणजे शक्य असलेल्या अनेक अवस्थांपैकी एक, इतकंच समजा. दोन गोष्टी मात्र नक्की ताडून पाहा. आधारांवरच्या उभ्या बलांची बेरीज घुमटाच्या वजनाइतकी, म्हणजे तुमच्या बाबतीत सुमारे 1,560 किलोन्यूटन, आलीच पाहिजे. आणि तडकल्यावरचा आडवा रेटा 49 ते 68 च्या दरम्यान यायला हवा. तो खूप कमी आला तर मॉडेलमध्ये कुठेतरी कडी अजून ताण घेताहेत. बहुधा गणित थांबू नये म्हणून कोणीतरी ताणाची थोडी ताकद शिल्लक ठेवलेली असते. खऱ्या घुमटात ती नाही.

भूकंपासाठी वरचा प्रोग्रॅम वापरू नका. बाजूने लागणाऱ्या बलात घुमट सममित राहत नाही आणि बहुतेक वेळा आधी भिंत हलते. आडवं बल वजनाच्या काही टक्के धरून उभ्या छेदात रेषा काढण्याची पद्धत आहे. तिच्याने दोन घुमटांची तुलना होते, पण एका घुमटाला सुरक्षित ठरवण्याइतकी ती भक्कम नाही.

शेवटी वेळ. दाबरेषा सापडली याचा अर्थ आजच्या भूमितीत घुमट उभा राहू शकतो. उद्या भूमिती तीच राहील याची हमी त्यात नाही. भिंतीच्या आत जुनं लोखंडी कडं असेल आणि ते गंजत असेल तर घुमट आज शांत दिसेल आणि रेटा हळूहळू भिंतीवर येत जाईल. कड्यावर येणारा ओढा प्रति रेडियन रेट्याइतकाच असतो, म्हणून तुमच्या घुमटाला नवं कडं घालायचं ठरलं तर ते 68 किलोन्यूटनला, सुमारे 7 टनांना, बेतावं. आकडा लहान आहे, कडंही बारीक लागेल. म्हणूनच भिंतीबद्दल शंका उरली तर कडं घालण्याला माझा विरोध नसतो. पण ते बसवताना आवळून तडे मिटवायला जाऊ नका. तड्यांत इतक्या वर्षांची माती आणि चुन्याची खपली साचलेली असते, त्यामुळे ते मिटत नाहीत आणि आवळल्याने नव्या जागी चिरा पडतात. कडं नुसतं ताठ बसेल इतकंच ओढा.

तड्यांवर मापक बसवा: आठही तड्यांना बुडाशी एकेक आणि त्यांतल्या निदान दोघांना वरच्या टोकापाशी. शेजारी तापमान नोंदवा. उन्हाने तडे रोज उघडझाप करतात आणि ऋतूंप्रमाणेही, म्हणून उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा पूर्ण पाहिल्याशिवाय वाढ आहे की नाही हे ठरवू नका. वर्षानंतर त्याच महिन्यात, त्याच तापमानाला तडे जागच्या जागी असतील, आतून ठोकून पोकळ जागा मिळाल्या नसतील आणि भिंतीच्या खिडक्यांचा हिशोब बसला असेल, तर दरजा चुन्याने भरा, माथ्यावरून पाणी आत जाणार नाही असं करा आणि घुमटाला राहू द्या. मधल्या काळात कोणत्याही एका तड्याचं माप ऋतूचा चढउतार वजा करूनही एकाच दिशेने सरकताना दिसलं, किंवा भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पायथ्याशी विटा चिरडल्याच्या खुणा दिसल्या, तर वर्षाची वाट पाहू नका. खालची ये-जा बंद करून भिंतीला बाहेरून टेकू द्या, कारण तुमच्या हिशोबात सर्वात कमी जागा तिथेच उरलेली आहे.